घरमालकाला पहिला निरोप

जुई, फ्लॅटच्या जाहिरातीखालचा नंबर मिळाला की लगेच ‘हा फ्लॅट आहे का?’ एवढंच पाठवून मोकळी होऊ नकोस. आमच्या सोसायटीचं काम मी बरीच वर्षं पाहिलं. फ्लॅट भाड्याने देणारे मालक शेजारी बसून फोन दाखवायचे. दिवसभरात असे पंधरा-वीस ‘आहे का?’ आलेले असायचे आणि मालक त्यातल्या कुणालाच उत्तर द्यायचा नाही. कारण त्याच्या मनात पहिला प्रश्न असतो, ‘विचारणारं माणूस कोण?’ त्याचं उत्तर न मागता मिळालं की तो लिहायला बसतो. म्हणून आधी स्वतःबद्दल दोन ओळी आणि मग तुझे प्रश्न, हा क्रम सोडू नकोस.

निरोप साधारण असा लिही: ‘नमस्कार. कर्वेनगरच्या आपल्या वन बीएचके फ्लॅटची जाहिरात पाहिली. मी बाणेरला नोकरी करते. मी आणि माझी धाकटी बहीण, अशा दोघी राहणार आहोत. १ जुलैपासून, किमान अकरा महिन्यांसाठी जागा हवी आहे. फ्लॅट अजून उपलब्ध आहे का, आणि किल्ली कुठल्या तारखेला मिळेल? डिपॉझिट किती आहे, आणि मेंटेनन्स भाड्यात धरलेला आहे की वेगळा? शनिवारी किंवा रविवारी सकाळी अकराच्या आत पाहायला येऊ शकतो. आपल्याला सोयीची वेळ कळवावी.’ खाली नाव आणि नंबर. एवढं पुरे. पगार, जात, गाव यांतलं काही आपणहून सांगायचं नाही आणि भाडं कमी करण्याची गोष्टही इथे काढायची नाही. घर पाहिल्याशिवाय घासाघीस केली की मालकाला वाटतं, हिला घरापेक्षा भावात रस आहे. निरोप सकाळी दहाच्या सुमारास पाठव. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तर नाही आलं तर एकदा फोन कर, आणि तोही उचलला नाही तर पुढचं घर बघ.

‘उपलब्ध आहे का’ याच्याबरोबर तारीख विचारायचं कारण सांगतो. ‘हो, आहे’ म्हणणाऱ्याच्या घरात पुष्कळदा जुना भाडेकरू अजून राहत असतो. तो गेला की रंग काढायचा असतो, कधी नळ-बेसिनची कामं असतात. तुला १ जुलैला सामान आणायचं असेल, तर ‘किल्ली कुठल्या तारखेला हातात मिळेल?’ असं स्पष्ट विचार.

डिपॉझिट पुण्यात साधारण दोन ते तीन महिन्यांच्या भाड्याइतकं मागतात. त्याहून बरंच जास्त सांगितलं तर ‘भाडं त्या मानाने कमी आहे का?’ असं विचारायला हरकत नाही, कारण काही जण डिपॉझिट वाढवून भाडं उतरवतात. पहिल्या निरोपात फक्त आकडा विचार. घर आवडलं की समोरासमोर दोन गोष्टी विचारायच्या: सोडून जाताना रंगाचे म्हणून किती कापणार, आणि उरलेले पैसे किल्ली परत करतानाच देणार की नंतर. दोन्ही करारात लिहून घ्यायच्या. घर सोडताना जे वाद माझ्यासमोर आले, ते बहुतेक रंगाच्या पैशांवरचे होते.

आता मेंटेनन्स. लोक इथेच सर्वांत कमी विचारतात आणि नंतर दर महिन्याला भरत बसतात. समज, एका जागेचं भाडं १८,००० आहे आणि मेंटेनन्स २,२०० वेगळा. दुसरी जागा १९,५०० ला आहे, मेंटेनन्स धरून. जाहिरातीत पहिली स्वस्त दिसते. पण तिचे महिन्याला २०,२०० होतात, म्हणजे सातशे जास्त, आणि अकरा महिन्यांत ७,७००. शिवाय अनेक सोसायट्या बिल तीन महिन्यांनी काढतात. मालकाने सहज बोलताना सांगितलेला आकडा महिन्याचा आहे की तिमाहीचा, हे विचारूनच ठेवायचं.

वेगळा मेंटेनन्स असेल तर पुढचं विचारायचं: त्यात पाणी, लिफ्ट, पार्किंग आहे का, की त्यांचं पुन्हा वेगळं? उन्हाळ्यात टँकर लागत असेल तर त्याचा खर्च कोणाचा? आणखी एक आकार असतो, ‘नॉन-ऑक्युपन्सी’. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी तो मालकाकडून घेते. राज्य सरकारच्या २००१ च्या आदेशाने त्यावर मर्यादा आहे: महापालिकेचे कर वगळून सेवाशुल्काच्या दहा टक्के. म्हणजे सेवाशुल्क १,५०० असेल तर जास्तीत जास्त १५० रुपये. हा आकार मुळात मालकाचा. तो तुझ्याकडून हवा असेल तर आधी सांगायला हवा, आणि ‘सोसायटी भाडेकरूंकडून हजार रुपये जास्त घेते’ असं कुणी म्हणालं तर सोसायटीच्या बिलाची प्रत माग. बिलात एकेक आकार वेगळा छापलेला असतो. तो दाखवायला टाळाटाळ झाली की तुला उत्तर मिळालंच म्हणून समज.

पाहायला जाण्याची वेळ तू दोन पर्यायांसह द्यायची, म्हणजे मालकाला नुसतं निवडायचं राहतं. सकाळची वेळ माग. नळाला पाणी किती जोराने येतं, लिफ्टला किती गर्दी असते, उजेड कुठल्या खोलीत येतो, हे दुपारनंतर कळत नाही. पावसाळ्यात गेलीस तर पश्चिमेकडच्या भिंतीला हात लावून बघ, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात रंग फुगलेला असेल तर तिथे ओल आहे. निघण्याआधी ‘येतोय’ असा फोन करायचा, कारण रविवारी जागा आधीच्या माणसाला गेलेली असते आणि मालक कळवायचं विसरतो.

एका गोष्टीला मात्र नाही म्हणायचं ते म्हणायचंच. ‘मी सैन्यात आहे, सध्या बाहेरगावी आहे, गेट पाससाठी थोडे पैसे पाठवा, ते भाड्यात वळते करतो’ असं सांगणारे भामटे आहेत. ‘क्यूआर स्कॅन करा, पैसे तुम्हालाच परत येतील’ असंही सांगतात. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. फोटो कितीही चांगले असोत, घर आतून पाहिल्याशिवाय टोकन द्यायचं नाही. ‘किल्ली कोणाकडे आहे?’ हा साधा प्रश्न विचार. खरा मालक शेजाऱ्याचं, वॉचमनचं किंवा नातेवाइकाचं नाव सांगतो. भामटा पैशांकडे वळतो.

आणि घर पाहताना शेवटी विचार, करार नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स होणार ना? महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. ‘नोटरी करून भागवू’ असं म्हणणाऱ्याचं घर कितीही छान असलं तरी घेऊ नकोस. निरोपाला मालकाचं उत्तर आलं की मला पाठव, डिपॉझिट आणि मेंटेनन्सचे आकडे मी एकदा नजरेखालून घालतो.