रोजकीर्दीतून खतावणीकडे

गतवर्षी एका स्नेह्यांचा मुलगा मजकडे सल्ल्यास आला. अकरा वर्षांत चार नोकऱ्या: अडत दुकान, मालवाहतूक कचेरी, डाळ गिरणीचे गोदाम, बियाणे विक्री. आता पुढे दोन जागा होत्या. विक्रीची अधिक पगाराची, वखारीची कमी पगाराची. "काका, माझ्या नोकऱ्यांत सूत्रच नाही," तो म्हणाला.

मी म्हटले, ही तुझी रोजकीर्द झाली. तारखेवार नोंदींत सूत्र दिसत नाही. आता खतावणी कर. अडचण आली असता मालकांनी कोणते काम तुझ्याच हाती दिले, तेवढे लिही. अडतीत वजनातील घट शोधणे. वाहतुकीत भिजलेल्या पोत्यांचे दावे. गिरणीत ओल व कीड पाहून थप्प्या हलविणे. तिन्ही नोंदी एकाच खाती पडल्या: माल हातोहाती फिरताना होणारी नासाडी रोखणे. विक्रीचे सात महिने मात्र कोठेच बसेनात. ते ओढूनताणून बसवू दिले नाहीत. निराळ्या खाती ठेवविले.

स्वतः लिहिलेले खाते स्वतःस गोड वाटते, म्हणून त्यास दोन जुन्या मालकांकडे धाडले. एकाने घटीचेच नाव काढले. दुसरे म्हणाले, "दावे उत्तम, हिशेब मात्र नेहमी उशिरा." त्याने वखार पत्करली, आणि प्रथमच हिशेबास एक कारकून मागून घेतला.