जास्त लिहिलेले बिल कसे सुधारावे?

समजा, कळंबच्या एका दुकानदाराने धाराशिवच्या व्यापाऱ्याकडून १०० पाइप विकत घेतले. भाव ठरला ५०० रुपये नग. पण ५ जूनच्या बिलात ६०० रुपये भाव पडला. पाइपवर जीएसटी शेकडा १८ आहे. किती फरक पडला, ते पाहू.

बिल झाले ६०,००० रुपयांचे. त्यावर कर १०,८०० रुपये.
व्हायला हवे होते ५०,००० रुपयांचे. त्यावर कर ९,००० रुपये.
म्हणजे माल १०,००० रुपयांनी आणि कर १,८०० रुपयांनी जास्त लागला.

ही चूक जुलैत ध्यानात आली. तोवर जूनचे विवरणपत्र भरून झाले होते.

दुकानदार म्हणाला, "शेठ, भाव ५०० ठरला होता ना?"

व्यापारी म्हणाला, "चूक झाली, भाऊ. जुनं बिल फाडून टाका. दुसरं देतो."

मुनीम म्हणाला, "मालक, तसं चालायचं नाही. ते बिल सरकारदरबारी नोंदलं गेलंय. आता जमा चिठ्ठीच द्यावी लागेल."

मुनिमाचे खरे आहे. भरलेले विवरणपत्र मागे घेता येत नाही. जुने बिल तसेच ठेवायचे आणि जास्त लागलेल्या रकमेची वेगळी चिठ्ठी द्यायची. हिलाच क्रेडिट नोट म्हणतात. ही चिठ्ठी माल विकणारा देतो. चिठ्ठीवर तिचा नंबर व तारीख, दोघांचे जीएसटी नंबर, जुन्या बिलाचा नंबर व तारीख आणि विकणाऱ्याची सही असावी. आपल्या चिठ्ठीत माल १०,००० आणि कर १,८००, मिळून ११,८०० रुपये येतील.

चिठ्ठी २० जुलैला दिली, तर ती जुलैच्या विवरणपत्रात दाखवायची. जुलैच्या विक्रीवर २०,००० रुपये कर होत असेल, तर त्यातून १,८०० वजा होऊन १८,२०० राहतील.

आता दुकानदाराची बाजू पहा. जूनच्या बिलावरून त्याने १०,८०० रुपये कराची वजावट घेतली होती. त्यातले १,८०० त्याने आपल्या विवरणपत्रात परत केले पाहिजेत. त्याने ते केले नाहीत, तर व्यापाऱ्याचा कर कमी होत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून कायदाच तसा आहे. म्हणून चिठ्ठी नुसती धाडून थांबू नका. समोरच्याने वजावट परत केली का, हे विचारून घ्या.

गिऱ्हाइकाकडे जीएसटी नंबर नसेल, तर जास्त घेतलेला कर त्याला परत द्या. त्याचे पैसे ठेवून आपला कर कमी करता येत नाही.

याला मुदतही आहे. विक्रीचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. त्यानंतर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंतच चिठ्ठी विवरणपत्रात दाखवता येते. वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले, तर मुदत तेव्हाच संपते. मग व्यापाऱ्याने दुकानदाराला पैसे परत दिले, तरी १,८०० रुपये कर त्याच्याच अंगावर बसतो.