राजीनाम्याची भाषा

अर्ज कसा लिहावा हे आपल्याला शाळेपासून शिकवितात. रजेचा अर्ज, नोकरीचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज यांचे नमुने प्रत्येक व्याकरणाच्या पुस्तकाच्या शेवटी असतात. नोकरी सोडताना लिहावयाच्या पत्राचा नमुना मात्र सहसा नसतो. वरिष्ठांशी संबंध चांगले असताना हे पत्र कोणालाही लिहिता येते. ते बिघडलेले असतील तर मात्र चांगल्या शिकलेल्या माणसाचीही लेखणी अडते. कारण मनात राग असतो, हातात पत्र असते, आणि पत्राला रागाचे ओझे पेलत नाही. प्रस्तुत लेखात अशा एकाच पत्राचा विचार करावयाचा आहे.

प्रथम शब्द पाहू. ‘राजीनामा’ हा शब्द फारसीतून आला. ‘राजी’ म्हणजे संमत आणि ‘नामा’ म्हणजे लेख. म्हणजे मुळात हा संमतीचा लेख. जमीनमहसुलाच्या जुन्या कागदांत ‘राजीनामा-कबुलायत’ अशी जोडी आढळते. जमिनीचा कब्जा सोडणारा राजीनामा लिहून देई आणि घेणारा कबुलायत लिहून देई. आपल्या शेजारच्या कन्नड विभागातील वाचकांनाही हा शब्द परका नाही. या जुन्या अर्थात आजच्या पत्राचा सारा स्वर दडलेला आहे. राजीनामा ही तक्रार नव्हे आणि विनवणीही नव्हे. ‘हे स्थान मी माझ्या संमतीने, अमुक दिवसापासून सोडतो’ एवढेच निवेदन त्यात असते.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, उद्यमबागेतील एका फौंड्रीच्या कचेरीत एक लेखनिक सहा वर्षे हिशेबाचे काम करीत आहे. गेली दोन वर्षे व्यवस्थापकांशी त्याचे पटत नाही. कामगारांसमोर त्याला बोल लावले जातात. बिले मंजुरीला पाठविण्याचे त्याचे काम लेखी आदेशाशिवाय दुसऱ्याकडे दिले गेले. मार्च महिन्यात एका पुरवठादाराचा चेक उशिरा गेला तेव्हा दोष त्याच्या माथी मारला गेला. नेमणुकीच्या पत्रात एक महिन्याच्या पूर्वसूचनेची अट आहे. एप्रिलअखेर तो नोकरी सोडण्याचे ठरवितो आणि रात्री बसून पहिला मसुदा लिहितो:

‘गेली दोन वर्षे आपण माझा पदोपदी जो अपमान केलात, तो सोसण्याची माझी शक्ती आता संपली आहे. सहा वर्षे इमानेइतबारे राबलेल्या माणसाला अशीच वागणूक मिळणार असेल, तर राजीनामा देण्यावाचून मला गत्यंतर नाही. आपल्या थोर कारभाराला माझ्या शुभेच्छा!’

या मसुद्यातील प्रत्येक शब्द लिहिणाऱ्याला खरा वाटतो. तरीही पत्र म्हणून तो फसला आहे. ‘पदोपदी’ या शब्दाची शहानिशा करता येत नाही. कोणत्या दिवशी काय घडले हे त्यातून कळत नाही. ‘थोर कारभार’ हा उपरोध व्यवस्थापकांना झोंबेल खरा, पण मालकांना त्यातून लिहिणाऱ्याचा स्वभावच दिसेल. कोणत्या तारखेला नोकरी सुटणार, हे तर कोठेच नाही. पण सर्वांत मोठा दोष मधल्या वाक्यात आहे. ‘मिळणार असेल, तर गत्यंतर नाही’ हे वाक्य अटीचे आहे. यात राजीनामा दिला आहे की देण्याची धमकी आहे?

ही केवळ व्याकरणाची शंका नाही. डॉ. प्रभा अत्री विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला नेमका हाच प्रश्न सोडवावा लागला. रुग्णालयात नोकरी करणाऱ्या एका डॉक्टरबाईंनी वरिष्ठांच्या कारवाईला उत्तर देताना त्याच पत्रात, हे म्हणणे मान्य नसेल तर तत्काळ राजीनामा देण्यावाचून आपल्यापुढे मार्ग उरत नाही, अशा अर्थाचे वाक्य लिहिले. रुग्णालयाने तोच राजीनामा समजून स्वीकारला. न्यायालयाने २००२ साली निर्णय दिला की, संपूर्ण पत्र आणि त्यामागची परिस्थिती एकत्र वाचली असता तो राजीनामा ठरत नाही; त्यात नोकरी सोडण्याचा स्पष्ट निर्धार नाही. बाई जिंकल्या, पण एका वाक्याचा अर्थ ठरविण्यासाठी प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्याला खरोखर जायचे आहे त्याने ‘जर-तर’ लिहू नये आणि ज्याला जायचे नाही त्याने रागाच्या भरात ‘राजीनामा’ हा शब्दच लिहू नये.

दुसऱ्या दिवशी राग निवळतो आणि आमच्या लेखनिकाचा लंबक दुसऱ्या टोकाला जातो. दुसरा मसुदा असा:

‘आपल्या पितृतुल्य मार्गदर्शनाखाली काम करण्याचे भाग्य मला लाभले. परंतु काही अपरिहार्य घरगुती कारणांमुळे मला नोकरी सोडावी लागेल असे वाटते. तरी माझा राजीनामा मंजूर करण्याची कृपा व्हावी.’

यात आदर भरपूर आहे, निश्चय मात्र औषधालाही नाही. ‘सोडावी लागेल असे वाटते’ या एका क्रियापदात भविष्यकाळ, नाइलाज आणि संशय असे तीन आडपडदे आहेत. ‘घरगुती कारण’ सांगितले की, ‘मग महिनाभर रजा घे आणि परत ये’ असे उत्तर मिळते, आणि त्याला नाही म्हणण्यासाठी दुसरे कारण शोधावे लागते. शिवाय हे कारण खोटे आहे. उद्या थकलेल्या पगाराबद्दल किंवा वागणुकीबद्दल तक्रार करायची वेळ आली, तर समोरचा हेच पत्र पुढे करून म्हणेल, ‘आपण तर घरगुती कारणासाठी गेलात, आणि आम्हाला पितृतुल्यही म्हणालात!’ खोटी स्तुती ही सभ्यता नव्हे. ती स्वतःविरुद्ध दिलेली साक्ष असते.

या दोन टोकांमधला तिसरा मसुदा पाहा:

‘दिनांक ३० एप्रिल
प्रति, व्यवस्थापक
प्रत : संचालक
विषय : लेखनिक पदाचा राजीनामा
महोदय,
मी आपल्या कंपनीतील लेखनिक पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रातील एक महिन्याच्या पूर्वसूचनेच्या अटीनुसार ३१ मे हा माझ्या सेवेचा शेवटचा दिवस राहील.
माझ्याकडील खातेवह्या, प्रलंबित बिलांची यादी आणि कपाटाच्या किल्ल्या आपण नेमाल त्या व्यक्तीकडे मी २५ मेपर्यंत यादीसह सोपवीन. शेवटच्या दिवशी मला कार्यमुक्तीचे पत्र व अनुभवाचा दाखला मिळावा आणि माझा हिशेब पूर्ण करावा, ही विनंती.
या सहा वर्षांत फौंड्रीच्या हिशेबाचे काम मला येथे शिकता आले, त्याबद्दल मी कंपनीचा आभारी आहे.
आपला विश्वासू,’

या पत्रात ठामपणा कोठून आला? एकही कठोर शब्द नाही. ठामपणा आला तो ‘देत आहे’ या वर्तमानकाळातून आणि तारखेतून. ‘देऊ इच्छितो’, ‘द्यावा म्हणतो’ अशी रूपे बोलण्यात मृदू वाटतात. या पत्रात ती दार अर्धे उघडे ठेवतात. दुसरी गोष्ट, विनंती कोठे केली आहे ते पाहा. राजीनाम्यासाठी ‘कृपा व्हावी’ असे म्हटलेले नाही. दाखला आणि हिशेब यांसाठी मात्र ‘विनंती’ आहे. जे आपण करतो ते निवेदनाच्या रूपात आणि जे दुसऱ्याने करावयाचे ते विनंतीच्या रूपात मांडले, की आदर आणि निश्चय एकमेकांच्या आड येत नाहीत.

आभाराचे वाक्यही मोजून लिहिले आहे. आभार कंपनीचे आहेत, व्यवस्थापकांचे नाहीत. आणि ते शिकलेल्या कामाबद्दल, म्हणजे खऱ्या गोष्टीबद्दल आहेत. असे खरे काही सापडत नसेल तर आभाराचे वाक्य गाळावे. त्याने पत्र उद्धट होत नाही. ‘आपला विश्वासू’ येथे पुरेसे आहे. ‘आज्ञाधारक’ लिहिण्याचे कारण उरलेले नाही.

राजीनाम्याचे कारण पत्रात नाही, याचे काहींना आश्चर्य वाटेल. नेमणूकपत्रात किंवा सेवानियमांत कारण देण्याची अट नसेल तर ते लिहिलेच पाहिजे असे नाही. व्यवस्थापकांनी तोंडी विचारले तर ‘माझा निर्णय झाला आहे, काम नीट सोपवून जावे एवढाच माझा विचार आहे’ एवढे उत्तर पुरते. सरकारी किंवा अनुदानित संस्थेत मात्र नियम आधी वाचावेत. सरकारी सेवेत राजीनामा मंजूर होणे आवश्यक असते, आणि तेथे ‘मंजूर करावा ही विनंती’ हे शब्द लाचारीचे नसून रीतीचे असतात.

मग अन्यायाचे काय? तो गिळावा असा याचा अर्थ नाही. त्यासाठी दुसरा कागद घ्यावा. लेखनिकाने संचालकांना वेगळे पत्र लिहून, कोणत्या दिवशी कोणते काम लेखी आदेशाशिवाय काढून घेतले आणि मार्चमधील चेक आपल्या हातून कोणत्या तारखेला पुढे गेला होता, एवढे विशेषणांशिवाय मांडावे. तक्रारीच्या पत्राला उत्तर, खुलासा, चौकशी लागते. राजीनाम्याला यांपैकी काही लागू नये. दोन्ही एका कागदावर आले की तक्रारीवरचा वाद राजीनाम्यालाही चिकटतो. पगार थकलेला असेल किंवा छळ झाला असेल, तर ‘माझी कोणतीही तक्रार नाही’ असे वाक्य, कोणी आग्रह केला तरी, लिहू नये. अशी तक्रार गंभीर असेल तर पत्र देण्यापूर्वीच वकिलाचा सल्ला घ्यावा.

पत्राची एक प्रत आपल्याकडे ठेवून तिच्यावर तारखेसह पोच घ्यावी. व्यवस्थापकांनी पत्र घेण्याचे नाकारले तर तेच पत्र, शब्दही न बदलता, कंपनीच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने आणि ई-मेलने पाठवावे. नकाराच्या संतापात नवे वाक्य जोडण्याचा मोह येथेच होतो, आणि चांगले लिहिलेले पत्र येथेच बिघडते.

मसुदा उतरला की नाही हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. हे पत्र फायलीत राहील आणि पाच वर्षांनी नवा अधिकारी अनुभवाची खातरजमा करताना ते उघडेल. त्याला आपले भांडण ठाऊक नसेल. कोण, कोणत्या पदावरून, कोणत्या दिवशी आणि काय सोपवून गेला, हे त्याला पहिल्या वाचनात कळावे. भांडण झाले होते असा त्याला नुसता वासही आला, तर मसुद्यात एखादे विशेषण अजून शिल्लक आहे असे समजावे, आणि ते शोधून खोडावे.