‘सुधीर’ म्हणायला शिकवताना

सुधीर शिकागोत नोकरीला लागला, तेव्हा ऑनलाइन बैठकीत त्याचे नाव त्याला ‘सूरर’ असे ऐकू येई. हाक आपल्यालाच आहे, हे कधी कधी उशिराच लक्षात येई. हाक मारणारा सहकारी अमेरिकन होता आणि मनापासून प्रयत्न करत होता. ‘डी’नंतर ‘एच’चाही उच्चार कर, असे सुधीरने सांगितल्यावर तो ‘सू-डा-हिर’ म्हणू लागला. दोन ठोक्यांचे नाव तीन ठोक्यांचे झाले.

चूक कुठे होते, हे आधी ओळखावे लागते. पडद्यावर Sudhir हे नाव दिसले की इंग्रजी बोलणारा माणूस बहुधा पहिल्या अक्षरावर जोर देतो. जोर पडलेला स्वर लांबतो, दुसरा आखडतो. म्हणून ‘सु’ दीर्घ होतो आणि ‘धी’ ऱ्हस्व. शिवाय अमेरिकन बोलीत दोन स्वरांमधला ‘ड’, पुढच्या अक्षरावर जोर नसेल, तर जिभेच्या एका झटक्यात उरकला जातो. मराठी कानाला तो ‘र’ वाटतो. ‘सूरर’ झाला तो असा.

तेव्हा सुरुवात ‘ध’पासून करू नये, जोरापासून करावी. ‘सु’ पटकन सोड आणि दुसऱ्या अक्षरावर जोर दे, एवढेच आधी सांगावे. ‘धी’ आपोआप लांबते आणि मधला ‘र’ही नाहीसा होतो.

मग महाप्राण. ‘चिकटून राहणे’ या अर्थाचा ‘अडहिअर’ हा शब्द इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडात असतोच. त्यात ‘ड’ला लागून ‘ह’ येतो, मध्ये स्वर येत नाही आणि जोरही दुसऱ्या अक्षरावर असतो. सुधीरने सहकाऱ्याला हा शब्द म्हणायला लावला, मग सुरुवातीच्या ‘अ’च्या जागी ‘सु’ घ्यायला सांगितले. ‘सुढीर’ आले. ‘ड’ आणि ‘ह’ यांत फट राहिली, तर तोच शब्द हळूहळू वेग वाढवत म्हणवून घ्यावा.

राहिला ‘ढ’चा ‘ध’. इंग्रजी ‘ड’ म्हणताना जीभ दातांमागच्या हिरडीला लागते. ‘ध’साठी ती वरच्या दातांना टेकवायची. ही सवय उशिरा लागते.

‘भ’साठी ‘क्लबहाउस’, ‘घ’साठी ‘डॉगहाउस’ हे शब्द असेच उपयोगी पडतात. ‘ख’ तर ‘किंग’ म्हणताना इंग्रजी माणूस न शिकवता उच्चारतो. तोंडासमोर तळहात धरला की हवेचा झोत जाणवतो. फ्रेंच किंवा स्पॅनिश सहकाऱ्याकडे मात्र हा झोत नसतो. त्याला महाप्राण मुळापासून शिकवावा लागतो, म्हणून समोरच्याची मातृभाषा आधी विचारावी.

आणि सगळेच जमले नाही, तर दीर्घ ‘धी’चा आग्रह धरावा, दंत्य ‘ध’चा सोडावा. ‘सुढीर’ ऐकल्यावर सुधीर लगेच वळून पाहतो. ‘सूरर’ ऐकल्यावर नाही.