पासवर्ड न सांगता पाहुण्याला वाय-फाय

आत्या : उद्या विहीणबाई येतायत ठाण्याहून. त्यांच्याकडेही आयफोन आहे, माझ्याकडेही. मागच्या खेपेला राउटर उलटा करून मागचा कागद वाचत बसलो होतो. शून्य की ओ, एल की आय, काही कळेना. तू म्हणतोस तो पासवर्ड न टाकता द्यायचा प्रकार मला नीट समजावून सांग.

भाचा : समजावून कशाला, आत्ता करूनच बघू. तू राउटर बदलल्यापासून मी इथल्या वाय-फायवर आलेलोच नाही, म्हणजे तुझ्या घराच्या दृष्टीने मी पाहुणाच. तुझा फोन घरच्या वाय-फायवर आहे ना? वरच्या पट्टीत वाय-फायची खूण दिसली पाहिजे, 5G असं नको.

आत्या : आहे खूण.

भाचा : आता फोन अनलॉक करून हातात धर. मी माझ्या फोनवर `Settings` उघडून `Wi-Fi` मध्ये जातो आणि तुझ्या नेटवर्कच्या नावावर बोट ठेवतो. बघ, पासवर्ड विचारणारी चौकट आली. मी काहीही टाकत नाही, `Cancel`ही करत नाही. ही चौकट उघडी असेपर्यंतच माझा फोन मागणी करत असतो. आता फोन जवळ आणू.

आत्या : माझ्याकडे काहीच आलं नाही.

भाचा : नाही आलं. खालून एक पांढरं कार्ड वर यायला हवं होतं. दोन्हीकडचं ब्लूटूथ चालू आहे का बघू. आहे. दोघांपैकी कुणाचा हॉटस्पॉट चालू आहे का? नाही. आता तुझ्या कॉन्टॅक्टमध्ये माझं नाव काढ.

आत्या : हे बघ. नाव आणि मोबाइल नंबर.

भाचा : ईमेल नाही. माझ्या मते अडतंय ते इथेच. आपल्याकडे कुणाचाही कॉन्टॅक्ट उघडलास तर नाव आणि नंबर एवढंच सापडतं. ॲपलची अट अशी आहे की, समोरचा माणूस आपल्या ॲपल अकाउंटसाठी जो ईमेल वापरतो, तो तुझ्या कॉन्टॅक्टमध्ये हवा आणि तुझा त्याच्या कॉन्टॅक्टमध्ये हवा. दोन्ही बाजूंनी.

आत्या : कमालच आहे. तू माझ्यासमोर बसलायस, दोन्ही फोन एकमेकांना चिकटलेत, तरी त्याला ओळख लागते?

भाचा : लागायलाच हवी. नाहीतर खालच्या मजल्यावरच्या कुणी तुझ्या नेटवर्कच्या नावावर बोट ठेवलं की तुझ्या फोनवर कार्ड आलं असतं. फोन जवळ आहे म्हणून पासवर्ड मिळत नाही, ओळखीचा आहे म्हणून मिळतो. मी नावावर बोट ठेवलं की माझा फोन ब्लूटूथवरून हळू आवाजात विचारल्यासारखा एक छोटासा संदेश सोडतो, या नेटवर्कचा पासवर्ड हवा आहे असा. त्यात माझा ईमेल जसाच्या तसा नसतो, त्याचा एक छोटा गणिती ठसा असतो. जवळपासच्या जागत्या ॲपल फोनपैकी ज्याच्याकडे तो पासवर्ड आहे, तो आपल्या कॉन्टॅक्टमध्ये असा कुणी आहे का ते ताडून बघतो. मग माझ्या फोनला आपली ओळख सिद्ध करावी लागते. एअरड्रॉपमध्ये फक्त ओळखीच्यांकडून फोटो घ्यायची सोय आहे ना, तशाच पद्धतीने. एवढं जुळलं की तुझ्यासमोर कार्ड येतं, आणि तू हो म्हटल्यावरच पासवर्ड जातो.

आत्या : म्हणजे कुणी स्वतःच्या फोनला विहीणबाईंचं नाव दिलं तरी चालणार नाही.

भाचा : नाही चालणार. नाव कुणीही काहीही ठेवेल. ताडला जातो तो अकाउंट. चल, ईमेल भरू. माझा ॲपल अकाउंटचा ईमेल कुठे दिसतो सांगतो : `Settings` उघडल्यावर सगळ्यात वर माझं नाव आहे, त्यावर बोट ठेवलं की नावाखाली ईमेल येतो. बऱ्याच जणांना तो आठवतच नाही, कारण फोन घेताना दुकानदाराने किंवा मुलाने अकाउंट काढून दिलेला असतो. रोजचा जीमेल वेगळा आणि हा वेगळा, असंही असतं. म्हणून विहीणबाईंना आठवणीतून विचारू नकोस, त्यांच्या फोनवर बघायला सांग.

आत्या : सांग आता, लिहिते. माझ्या कॉन्टॅक्टमध्ये `Edit` केलं, ईमेल टाकला, `Done`.

भाचा : आणि मी तुझा माझ्याकडे टाकला. मी मागे जाऊन पुन्हा तुझ्या नेटवर्कवर बोट ठेवतो. चौकट आली…

आत्या : आलं! खालून कार्ड आलं. तुझं नाव आहे आणि पासवर्ड शेअर करायचा का असं विचारतंय.

भाचा : खाली `Share Password` आहे ते दाब. बघ माझ्याकडे. पासवर्डच्या जागी आपोआप ठिपके भरले आणि नेटवर्कवर बरोबरची खूण आली. तुझ्याकडे `Done` दाब. झालं.

आत्या : एवढंच? मग मागच्या खेपेला विहीणबाईंच्या फोनवर का नाही झालं? की तिथेही ईमेलच नव्हता?

भाचा : नव्हताच असेल. पण तुझ्या घरात आणखी एक घोळ आहे. तुझ्या राउटरची दोन नावं दिसतात, एक साधं आणि एक शेवटी `_5G` लावलेलं. त्या 5G चा मोबाइलच्या 5G शी काही संबंध नाही, ती वाय-फायची वेगळी लहरपट्टी आहे. तू एका नावावर आणि पाहुणी दुसऱ्या नावावर असं झालं, तर तुम्ही दोघी वेगवेगळ्या नेटवर्कबद्दल बोलताय. तुझ्या फोनवर जे नाव आहे तेच त्यांनी निवडायचं, अक्षर न् अक्षर जुळवून.

आत्या : आणि त्यांचा फोन जुना असला तर?

भाचा : ही सोय 2017 साली आयओएस 11 बरोबर आली. त्यामुळे फोन जुना असला तरी बहुधा अडत नाही, सॉफ्टवेअर मात्र दोघींचं ताजं असू दे. आणि हे सगळं तपासूनही कार्ड नाही आलं, तर दोन्ही फोन बंद करून पुन्हा चालू करायचे. ब्लूटूथच्या भानगडी त्याने बऱ्याचदा सुटतात.

आत्या : आता मला एक सांग. तुझ्याकडे नुसते ठिपके आले. म्हणजे माझा पासवर्ड तुला कळला नाही ना?

भाचा : कळला. हे तुला आधीच सांगायला हवं, कारण खूप जणांचा समज तू म्हणतेस तसाच असतो. ठिपके फक्त त्या क्षणी दिसतात. पासवर्ड माझ्या फोनमध्ये साठवला गेला आहे. आयओएस 16 पासून `Settings`, `Wi-Fi`, आणि नेटवर्कच्या नावापुढची `i` ची खूण दाबली की `Password` अशी ओळ दिसते. तिच्यावर बोट ठेवून चेहरा दाखवला की पूर्ण पासवर्ड समोर. हा बघ तुझा.

आत्या : अरे देवा. हा तर उघडाच.

भाचा : मी आयक्लाउडची किल्ल्यांची सोय चालू ठेवली असेल तर तो माझ्या आयपॅडवर आणि मॅकवरही जातो. आणि दिलेला परत घ्यायचं बटण कुठेही नाही. टाइप करायचा त्रास वाचला एवढंच, गुपित राहिलं असं नाही. ज्याला तू पासवर्ड तोंडी सांगितला असतास, त्यालाच असा द्यायचा.

आत्या : विहीणबाईंना दिला असता. पण त्यांच्याबरोबर त्यांचा पुतण्या येतोय, त्याच्याकडे अँड्रॉइड आहे. त्याच्या फोनजवळ माझा फोन धरला तर?

भाचा : काही होणार नाही. ही बोली ॲपलच्या फोनांची आपसातली आहे. त्याच्यासाठी क्यूआर. तुझ्या फोनवर आयओएस 18 आहे, म्हणजे `Passwords` नावाचं ॲप आहे. ते उघड, `Wi-Fi` वर जा, आपलं नेटवर्क निवड आणि `Show Network QR Code` दाब. चौकोन आला? पुतण्या कॅमेऱ्याने किंवा त्याच्या वाय-फायच्या सेटिंगमधल्या स्कॅनरने तो टिपेल आणि जोडला जाईल. इथे ईमेल, कॉन्टॅक्ट, ब्लूटूथ काहीच लागत नाही.

आत्या : मग हेच सगळ्यांसाठी का नाही करायचं? सोपं आहे की.

भाचा : सोपं आहे, आणि खरं सांगायचं तर ज्यांचा ईमेल तुझ्याकडे नाही त्या आयफोनवाल्यांसाठीही हेच बरं. फक्त त्या चौकोनात काय असतं ते बघ. पासवर्ड `MotiKanthi2468` असला, तर आत साध्या अक्षरांत हे लिहिलेलं असतं :

```
WIFI:T:WPA;S:AamcheGhar;P:MotiKanthi2468;;
```

`S` नंतर नेटवर्कचं नाव, `P` नंतर पासवर्ड. कसलंही कुलूप नाही. स्क्रीन समोर धरून टिपू दिलास तर ठीक. पण त्याचा स्क्रीनशॉट घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलास, तर पासवर्ड लिहून टाकल्यासारखंच.

आत्या : गणपतीत तर वीस माणसं येतात-जातात. एकेकाला दिला की पासवर्ड गावभर.

भाचा : म्हणून त्या दिवसांसाठी राउटरवर पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क चालू करू. बऱ्याच राउटरमध्ये `Guest Network` अशी सोय असते. त्याला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. गणपती गेले की तो पासवर्ड बदलायचा, म्हणजे सगळ्यांचे फोन आपोआप तुटतात आणि आपल्या टीव्हीचं, कॅमेऱ्याचं काही बिघडत नाही.

आत्या : आणि विहीणबाईंना ते कार्डाने देता येईल?

भाचा : येईल, पण आधी तुझा फोन त्या पाहुण्यांच्या नेटवर्कवर घ्यायचा. तू घरच्या नेटवर्कवर बसून राहिलीस आणि त्यांनी पाहुण्यांचं निवडलं, तर मघाशी सांगितला तोच दोन नावांचा घोळ. त्यांना देऊन झालं की तू परत घरच्यावर ये. पाहुण्यांचं नेटवर्क तुझ्या फोनमध्ये एकदा साठवलं की त्याचा क्यूआर `Passwords` मध्ये तयारच असेल, पुतण्याला तोच दाखव.

आत्या : मग आण तो राउटर खाली, आत्ताच करून टाकू. आणि मी विहीणबाईंना फोन लावते. निघण्याआधीच ईमेल बघून ठेवा म्हणते, आणि माझाही त्यांना लिहून घ्यायला सांगते.