अंगठा मिळाला, पण क्रेट भरले नाहीत

प्रश्न : मंचरजवळच्या एका भाजीपाला संकलन केंद्रात मी हिशेब आणि गाड्यांचं बघतो. परवा रात्री ग्रुपवर टाकलं, "उद्या पहाटे ५ ला नारायणगावची गाडी. २०० क्रेट टोमॅटो भरून ठेवा." तिघांनी अंगठा दिला. पहाटे बघतो तर १२०च क्रेट. रागाच्या भरात लिहिलं, "वा! शाब्बास! 🙏" त्यावर एकानं 😂 टाकला. भरणी ज्या मुलाकडे होती, तो तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मी शिवी तर दिली नाही. मग चुकलं कुठं?
— एक वाचक, ता. आंबेगाव

उत्तर : दोन ठिकाणी चुकलं. आधी अंगठ्याचं बघू.

आपल्याकडे कागदावर अंगठा उठवला की मान्य, आणि एखाद्याला अंगठा दाखवला की साफ नकार. मोबाइलवरच्या 👍 ला तर आणखी एक अर्थ चिकटला आहे : "वाचलं." तुम्ही तो "करतो" असा घेतला. त्या तिघांतला प्रत्येक जण कदाचित "वाचलं, दुसरा कोणीतरी भरेल" असं म्हणत होता.

या घोळात न्यायालयंही पडली आहेत. रेल्वे सुरक्षा दलातल्या एका अधिकाऱ्याच्या हत्येची बातमी सहकाऱ्यांच्या ग्रुपवर आली, तिला एका जवानानं 👍 दिला. हत्येला दाद दिली असं मानून त्याला नोकरीतून काढलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं २०२४ मध्ये त्याला परत घेण्याचा आदेश कायम ठेवला. तो अंगठा म्हणजे निरोप पाहिल्याची पोच असू शकते, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

कॅनडात उलट घडलं. धान्य खरेदीदारानं एका शेतकऱ्याला जवसाच्या सौद्याचा कागद मोबाइलवर पाठवून "मान्य असल्याचं कळवा" असं लिहिलं. शेतकऱ्यानं 👍 पाठवला, पण माल दिला नाही. "कागद मिळाला एवढंच मला म्हणायचं होतं," असा त्याचा बचाव होता. २०२३ मध्ये न्यायालयानं अंगठा म्हणजे होकार ठरवला आणि ८२ हजार डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली. कारण आधीचे सौदे याच शेतकऱ्यानं "ठीक", "हो" अशा एकेका शब्दात पक्के केले होते आणि माल पोचवलाही होता.

चित्र एकच, निकाल दोन. अर्थ अंगठ्यात नव्हता. आधी काय विचारलं आणि आजवरची वहिवाट काय, यात होता. तुमच्या निरोपात तर प्रश्नच नव्हता. "भरून ठेवा" हे कोणाला, कधीपर्यंत, काहीच नाही. तोच निरोप असा लिहा :

"उद्या पहाटे ५ ला नारायणगावची गाडी. टोमॅटो २०० क्रेट. भरणी (इथे त्या मुलाचं नाव). आज रात्री ९ पर्यंत किती क्रेट भरले, तो आकडा लिहा. कमी पडणार असतील तर लगेच फोन करा."

आकडा मागितला की अंगठ्यानं भागत नाही. ९ वाजता "१२०" आलं असतं तर हाताशी अख्खी रात्र होती. निरोपात वेळ चुकली तर व्हॉट्सअ‍ॅपवर १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येते, पण त्या दुरुस्तीची नवी सूचना कोणाला जात नाही. ज्यानं आधीच वाचलं, तो जुन्याच वेळेला येईल. म्हणून वेळ बदलली तर नवा निरोप टाका.

आता "शाब्बास". हा शब्द आपण पाठ थोपटायलाही वापरतो आणि सालटं काढायलाही. समोरासमोर "वाऽऽ" किती लांबवला, यावरून फरक कळतो. अक्षरांत तो सूर उतरत नाही. त्यात तुमचे जोडलेले हात. आभार, माफी, श्रद्धांजली यांना तेच चित्र, आणि "कोपरापासून नमस्कार बाबा तुला" यालाही तेच. क्रेट कमी पडल्यावर तो मुलगा यातला कोणता अर्थ घेणार? मग 😂 आला. टाकणारा कदाचित तुमच्या चिडण्याला हसला असेल. पण त्या मुलाला दिसलं ते एवढंच की साहेबांनी चारचौघांत टोमणा मारला आणि बाकीचे हसले. शिवी परवडली असती, ती निदान स्पष्ट असते.

ग्रुपवर फक्त हकिकत लिहावी : "८० क्रेट कमी आहेत, गाडी ६ ला सुटेल, तोवर दोघांनी भरणीला या." का कमी पडले, हे त्याला बाजूला घेऊन किंवा फोनवर विचारावं. कदाचित रिकामे क्रेटच आले नसतील. तुमच्या टोमण्यानं ते कळायची वाटच बंद झाली.

आता त्याला ग्रुपवर "सॉरी 🙏" पाठवू नका. उद्या भरणीच्या वेळी अर्धा तास आधी जा आणि त्या रात्री काय झालं होतं, ते त्याच्याच तोंडून ऐका.