रोस्टरवरची नावं मोज

पोरी, दोन्ही ऑफर लेटर मी नीट वाचली. एक गिरगावातल्या मोठ्या खासगी रुग्णालयाचं, दुसरं परळच्या ट्रस्टच्या रुग्णालयाचं. तू पगाराचा आकडा सांगितलास आणि 'रेशो'ही सांगितलास: गिरगावात १:६, परळला १:८. म्हणजे एका परिचारिकेमागे गिरगावात सहा रुग्ण आणि परळला आठ. तुझ्या मते गिरगावचं काम हलकं. मला तसं वाटत नाही. का, ते सविस्तर सांगते, म्हणजे पुढच्या नोकरीच्या वेळी तुला कुणाला विचारावं लागणार नाही.

मुलाखतीत सांगतात तो रेशो बहुधा कागदावरचा असतो. खरा रेशो कळतो रोस्टरवरून. वॉर्डात खाटा किती आणि त्या वॉर्डाच्या ड्युटी रोस्टरवर नावं किती, हे दोन आकडे मिळाले की बाकीचं तुझं तू काढू शकतेस. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात शिकवण्याच्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात १:३ आणि साध्या रुग्णालयात १:५ असं प्रमाण आहे. केंद्र सरकारच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटने जनरल वॉर्डासाठी १:६ धरलं आणि अतिदक्षता विभागासाठी १:१. हे आकडे खासगी रुग्णालयांवर सक्तीचे नाहीत, आणि गर्दीच्या सरकारी-पालिका रुग्णालयांतही ते पाळले जाताना क्वचितच दिसतात. पण त्या युनिटच्या निकषातली एक गोष्ट फार कामाची आहे. साप्ताहिक सुट्टी, नाइट ऑफ, रजा, आजारपण हे सगळं धरून पाळ्यांना लागणाऱ्या माणसांपेक्षा ४५ टक्के माणसं जास्त नेमावीत, असं तिथे म्हटलं आहे. मुलाखतीत रेशो सांगणारी माणसं हे ४५ टक्के बोलतच नाहीत.

आता तुझ्या गिरगावच्या वॉर्डाचं बघू. खाटा ३०. १:६ म्हणजे एका पाळीत पाच जणी, तीन पाळ्यांत पंधरा. त्यावर ४५ टक्के धरले तर रोस्टरवर साधारण बावीस नावं हवीत. तू तिथल्या मुलीला विचारलंस तेव्हा तिने सांगितलं, पंधरा. त्या पंधरातल्या दोघींची रोज साप्ताहिक सुट्टी, आणखी दोघी नाइट ऑफवर, रजेवर किंवा आजारी. राहिल्या अकरा. त्यातली एक सिस्टर इन्चार्ज, ती फक्त सकाळी, आणि तिचा वेळ जातो इंडेंट, राउंड आणि डिस्चार्जच्या कागदांत. म्हणजे रुग्णांपाशी दहा. सकाळी चार, दुपारी तीन, रात्री तीन. रात्रीचा तुझा रेशो झाला १:१०. त्यातली एक रुग्णाला घेऊन सीटी स्कॅनला गेली की उरलेल्या दोघींकडे पंधरा-पंधरा.

परळचा वॉर्ड २४ खाटांचा. १:८ म्हणजे पाळीला तिघी, दिवसाला नऊ. ४५ टक्के धरून तेरा, आणि तिथे रोस्टरवर तेराच नावं आहेत, इन्चार्ज वेगळी. रात्री तिघी खरोखर हजर असतात. कागदावर जड वाटणारा वॉर्ड रात्री तीन वाजता हलका पडतो, तो असा.

मोजताना दोन ठिकाणी फसशील, म्हणून आधीच सांगते. पहिलं म्हणजे नावांत कोण कोण धरलंय ते बघ. शिकाऊ विद्यार्थिनी, एएनएम, नर्सिंग असिस्टंट यांना धरून १:६ केलेलं असेल तर औषधं, रक्त चढवणं, नोंदी हे सगळं नोंदणी असलेल्या दोघीतिघींवरच येतं. दुसरं, वॉर्डात रुग्ण कसे आहेत ते बघ. शस्त्रक्रियेनंतरचे, दर तासाला बीपी बघावे लागणारे सहा रुग्ण सांभाळताना दम निघतो, आणि उद्या घरी जाणारे दहाही सांभाळून होतात. अतिदक्षता विभागाची जागा असेल तर एकच विचार: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची परिचारिका जेवायला गेली की त्या रुग्णापाशी कोण उभं राहतं? उत्तर देताना समोरची व्यक्ती थबकली तर ते लक्षात ठेव.

एचआरकडून रोस्टर मिळणार नाही, ते मिळतं फाटकाबाहेर. परळला आचार्य दोंदे मार्गावर केईएम आणि वाडिया, तिथून चार पावलांवर टाटा. त्या टापूत सकाळ-संध्याकाळ पाळी बदलायच्या वेळी चहाच्या टपरीवर सगळीकडच्या सिस्टर भेटतात. त्यांना 'काम कसं आहे' असं विचारू नकोस, सगळ्या 'ठीक आहे' म्हणतील. 'काल रात्री वॉर्डात किती जणी होता?' असं विचार. 'या महिन्यात डबल ड्युटी किती झाल्या?' असं विचार. आणि पाळी संपायची वेळ आठची असेल तर त्या आठला बाहेर पडतात की पावणेनऊला, ते नुसतं उभं राहून बघ. ओव्हर द्यायला लागणारा अर्धा-पाऊण तास पाळीत धरला आहे का, हे त्यातून आपोआप कळतं. गिरगाव घेतलंस तर तुला चर्नी रोडहून विरार लोकल पकडायची आहे, तो पाऊण तास तुझ्या झोपेतून जाणार.

पाळ्यांचे नियम म्हणजे नुसते ८ तास की १२ तास एवढंच नाही. सलग नाइट किती लागतात, नाइट संपल्यावर ऑफ मिळतो की तोच दिवस साप्ताहिक सुट्टी म्हणून धरतात, इव्हनिंगनंतर लगेच दुसऱ्या दिवशी मॉर्निंग लावतात का, हे विचार. मुंबईत आणखी एक विचारावंच लागतं. पावसात लोकल बंद पडली आणि तुझ्या बदलीची सिस्टर पोचली नाही, तर तू थांबशील त्या तासांचं काय? ओव्हरटाइम मिळतो, बदली सुट्टी मिळते, की नुसतं 'थँक यू सिस्टर'? लालबाग-परळमध्ये गणपतीच्या दिवसांतही हीच वेळ येते. रस्ते बंद, गर्दी अफाट, आणि कुठेकुठे त्या दहा दिवसांत ऑफच रद्द करतात. आधी विचारलेलं बरं.

आता बॉण्ड. तो मी मुद्दाम रेशोनंतर घेतलाय. ज्या वॉर्डात माणसं टिकत नाहीत, तिथेच माणसं बांधून ठेवावी लागतात. गिरगावच्या लेटरमध्ये दोन वर्षांचा बॉण्ड, सोडल्यास दीड लाख, दरमहा २,००० रुपये 'डिपॉझिट' म्हणून कापून शेवटी परत, आणि मूळ प्रमाणपत्रं एचआरकडे जमा. परळचा बॉण्ड एक वर्षाचा, रक्कम ५०,०००, आणि ती दर महिन्याला कमी होत जाते. आठ महिन्यांनी सोडलंस तर उरलेल्या चार महिन्यांचे साधारण १६,७०० भरायचे. गिरगावला तेविसाव्या महिन्यात सोडलंस तरी दीड लाखच. शिवाय तोवर कापलेले ४६,००० त्यांच्याकडे.

मूळ प्रमाणपत्रं देऊ नकोस. पडताळणीसाठी दाखव, साक्षांकित प्रती दे, मूळ कागद त्याच दिवशी घरी आण. जीएनएमची गुणपत्रिका, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी, हे तुझं पोट आहे. २०११ मध्ये मुंबईतल्या खासगी रुग्णालयांच्या परिचारिका संपावर उतरल्या होत्या, तेव्हा बॉण्ड आणि अडकवून ठेवलेली प्रमाणपत्रं हीच त्यांची मुख्य तक्रार होती. तसंच, सही केलेला कोरा चेक देऊ नकोस आणि दादांना जामीनदार म्हणून स्टॅम्प पेपरवर सही करायला लावू नकोस. चेक वटला नाही तर प्रकरण फौजदारी होऊ शकतं, आणि ते तुला महाग पडेल.

तुझ्या मैत्रिणी सांगतात ना, की बॉण्ड कोर्टात टिकतच नाही, सही करून मोकळं व्हावं? ते खरं नाही. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं नोकरी किंवा दोन लाख रुपये ही अट योग्य ठरवली. मात्र करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मालकाला मिळते ती वाजवी भरपाई. कागदावर लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते, ती पूर्ण मिळेलच असं नाही. वाजवी किती, हे ठरवताना मालकाने तुझ्यावर काय खर्च केला ते बघितलं जातं. म्हणून बॉण्ड बघताना लगेच त्याच्या शेजारी प्रशिक्षण मांडायचं. दीड लाखाच्या बदल्यात ते तुला काय शिकवणार आहेत?

गिरगावला तीन दिवसांचं इंडक्शन: अग्निशमन, हात धुणं, संगणकावरच्या नोंदी. चौथ्या दिवशी स्वतंत्र रुग्ण. परळला चार आठवडे सीनियर सिस्टरबरोबर, आणि त्या काळात तुझं नाव रेशोत धरत नाहीत. प्रत्येक कौशल्याची यादी असते. सीनियरने पाहून सही केल्याशिवाय ते काम एकटीने करायचं नाही. बीएलएसचा खर्च रुग्णालयाचा, कार्ड तुझ्या नावावर. एवढं देणारा एक वर्ष थांब म्हणाला तर मला त्यात काही गैर वाटत नाही. फक्त दोन गोष्टी विचार. वर्ग ड्युटीच्या वेळेत होतात की नाइट करून आल्यावर? आणि त्या तासांना परिचर्या परिषदेचे क्रेडिट मिळतात का? नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करताना ते लागतात. तू वर्गात बसलीस की वॉर्ड कोण बघणार, याचं उत्तर पुन्हा रोस्टरवरच आहे. पंधरा नावांच्या त्या वॉर्डात छापील प्रशिक्षण कितीही सुंदर असलं तरी तुला सोडणार कोण?

तुला पुढे दुबईला जायचं आहे, म्हणून सोडतानाच्या अटीही आत्ताच वाच. आखाती परवान्यासाठी डेटाफ्लो तुझा अनुभव थेट रुग्णालयाकडे विचारून तपासते. त्यामुळे अनुभव पत्र आणि रिलीव्हिंग लेटर किती दिवसांत मिळेल, नोटीस एक महिन्याची की तीन, बॉण्ड रुजू झाल्यापासून मोजतात की सहा महिन्यांच्या प्रोबेशननंतर, हे लेटरमध्ये असायला हवं. प्रोबेशननंतर मोजणार असतील तर दोन वर्षांचा बॉण्ड अडीच वर्षांचा होतो.

परळला अजून हो म्हणू नकोस. त्यांच्या लेटरमध्ये रक्कम दरमहा कमी होते असं लिहिलंय, पण पहिले चार आठवडे रेशोबाहेर हे फक्त तोंडी आहे, आणि नाइटनंतरच्या ऑफचा उल्लेखच नाही. उद्या ईमेल कर, नम्रपणे: "मुलाखतीत झालेल्या बोलण्याप्रमाणे पहिले चार आठवडे मी सीनियर सिस्टरसोबत असेन, नाइटनंतरचा ऑफ साप्ताहिक सुट्टीव्यतिरिक्त मिळेल आणि मूळ प्रमाणपत्रं माझ्याकडेच राहतील, हे कृपया कळवावं." उत्तर आलं की त्याची प्रिंट लेटरला टाचून ठेव आणि मग सही कर. उत्तर आलं नाही तर मेट्रनला जाऊन भेट. एचआरला वॉर्डाची रात्र माहीत नसते, मेट्रनला असते.